११५ पीएसचं पेट्रोल की ११६ पीएसचं डिझेल? घाटात फरक कुठे पडतो

माझा मेहुणा ह्युंदाईची क्रेटा घ्यायची म्हणून दोन शोरूम फिरून आला आणि वैतागून म्हणाला, "भावजी, पेट्रोल ११५ आणि डिझेल ११६. एका घोड्यासाठी एवढे जास्त पैसे मोजायचे?" माहितीपत्रकातली पहिली ओळ वाचून थांबलं की हा प्रश्न पडणारच. खरी गंमत त्याच्या खालच्या ओळीत आहे. तक्त्यातला आरपीएम म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं तो आकडा.

| १.५ लिटरचं इंजिन | कमाल पॉवर | कमाल टॉर्क |
|---|---|---|
| साधं पेट्रोल | ११५ पीएस, ६,३०० आरपीएमवर | १४४ एनएम, ४,५०० आरपीएमवर |
| डिझेल | ११६ पीएस, ४,००० आरपीएमवर | २५० एनएम, १,५०० ते २,७५० आरपीएम |
| टर्बो पेट्रोल | १६० पीएस, ५,५०० आरपीएमवर | २५३ एनएम, १,५०० ते ३,५०० आरपीएम |

टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर. एक मीटर लांबीचा पाना नटाला लावून टोकाला साधारण २५ किलो वजन टांगलं, तर नटावर जवळपास २५० न्यूटन-मीटर, म्हणजे एनएम, एवढा पीळ बसतो. नट गंजून जाम असेल आणि हललाच नाही, तरी पीळ तेवढाच. म्हणजे टॉर्कमध्ये वेग कुठेच येत नाही. वेग येतो तो पॉवरमध्ये. विहिरीतून ७५ किलोची भरलेली मोट दर सेकंदाला एक मीटर या गतीने वर येत असेल, तर ते काम बरोबर एक पीएसचं. तीच मोट दुप्पट वेगाने ओढली की दोन पीएस. (ब्रिटिश हॉर्सपॉवर याहून किंचित मोठा असतो, पण गाडी निवडताना तो फरक सोडून द्या.)

म्हणजे या दोन स्वतंत्र ताकदी नाहीत. एकीवरून दुसरी काढता येते:

पीएस = एनएम × आरपीएम ÷ ७०२३

आता हे सूत्र घेऊन घाटात जाऊ. वाईहून पाचगणीला पसरणी घाट चढताय, गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. माणसं-सामानासकट वजन १,८०० किलो धरा, आणि दर १२ मीटरला एक मीटर चढणारा तुकडा. ताशी ४० चा वेग नुसता टिकवायला चढ, टायरचा विरोध, वारा आणि गिअरबॉक्समधली गळती धरून इंजिनाकडून साधारण २९ पीएस लागतात. पुढे एसटी आहे, तुम्ही वरच्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर चाललाय.

डिझेल तिथे २५० एनएम देऊ शकतं, म्हणजे ५३ पीएस. चढावर २९ गेले तरी २४ हाताशी उरतात, पाय दाबला की गाडी पुढे सरकते. साध्या पेट्रोलला त्याचा कमाल टॉर्क १,५०० वरच मिळतो असं उदार मनाने मानलं, तरी हिशेब ३१ च्या पुढे जात नाही. उरले दोन. प्रत्यक्षात तो टॉर्क ४,५०० ला मिळतो, म्हणजे ते दोनही उरत नाहीत. पाय पूर्ण दाबूनही गाडी दम टाकते, ती इथे. डिझेलचे ५३ पीएस गाठायला पेट्रोलला किमान २,६०० आरपीएम, खरं तर त्याहूनही थोडे जास्त हवेत. म्हणून गिअर खाली घ्यावा लागतो.

आणि गिअर खाली घेतला की पेट्रोलही तोच घाट चढतं, हे डिझेलवाले सांगत नाहीत. चाकापर्यंत पोहोचणारा जोर गिअर वाढवतो. एखाद्या वेगाला गाडी किती ओढेल हे शेवटी त्या क्षणी इंजिन किती पीएस देतंय यावर ठरतं. दोन्ही गाड्या आपापल्या कमाल पॉवरवर पळवल्या तर ११५ आणि ११६ मध्ये खरोखरच फार अंतर नाही. पण रोज ६,३०० आरपीएमवर कोण चालवतं? आपण जगतो १,२०० ते २,५०० मध्ये, आणि त्या पट्ट्यात डिझेल श्रीमंत आहे.

हे कशामुळे? "डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त ना" हे उत्तर गॅरेजमध्ये हमखास मिळतं. कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधली हवा किती दाबली जाते ते. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. पिंपरीत बनलेली १९९८ ची डिझेल इंडिका आठवा. १.४ लिटर, कॉम्प्रेशन भरपूर, पण टर्बो नाही. टॉर्क ८५ एनएमच्या आसपास. तेवढ्याच क्षमतेच्या पेट्रोल इंडिकाचा टॉर्क याहून जास्त होता. नुसत्या कॉम्प्रेशनने जोर येत असता तर उलट दिसलं असतं.

खरा मानकरी टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. आणि डिझेलला तो मानवतो याचं कारण इंधन जळण्याच्या पद्धतीत आहे. साध्या पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल आधीच मिसळून सिलिंडरमध्ये येतं. त्यावर दाब फार वाढवला, तर ठिणगीने पेटवलेली ज्योत पोहोचायच्या आतच उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. आरपीएम कमी आणि भार जास्त असेल तेव्हा या मिश्रणाला भडकायला वेळही जास्त मिळतो, म्हणजे नेमकं घाटातच. डिझेलमध्ये दाबली जाते ती नुसती हवा. इंधन ऐनवेळी फवारलं जातं आणि फवारताच पेटतं. आधी भडकायला तिथे काही नसतंच, त्यामुळे टर्बोने हवा कोंबून भरता येते. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं, म्हणून पिस्टनवरचा रेटा जास्त.

याची किंमत वरच्या टोकाला मोजावी लागते. फवारलेलं इंधन हवेत मिसळून जळायला वेळ लागतो आणि एवढा दाब सोसणारे भाग जड असतात, म्हणून डिझेल फार वेगाने फिरत नाही. कमाल पॉवर ४,००० ला येते आणि तिथे टॉर्क २०४ वर उतरलेला असतो. ओव्हरटेक करताना डिझेल गिअरमध्ये ताणून ठेवलं तर नुसता आवाज वाढतो. तिथे गिअर वर टाकायचा असतो.

खालच्या बाजूलाही सीमा आहे. १,५०० च्या खाली टर्बोला फिरवायला पुरेसा धूर नसतो. सिग्नलवरून दुसऱ्या गिअरमध्ये १,१०० ला रेटलीत तर डिझेलही मरगळतं, आणि आरपीएमचा काटा वर सरकल्यावर एकदम धक्का देऊन निघतं. या मरगळीत पाय दाबून धरणं इंजिनाला आणि क्लचला वाईट. घरघर आणि कंप जाणवला की गिअर खाली.

तक्त्यातली तिसरी ओळ मेहुण्याने वाचलीच नव्हती. टर्बो पेट्रोलमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारून आत थंडावा आणतात, नॉकिंग आवरतात, आणि डिझेलसारखाच १,५०० पासून जोर काढतात. जोरच हवा असेल तर डिझेल हा एकमेव मार्ग राहिलेला नाही. फरक उरतो तो इंधनखर्चात. हा जोर वारंवार वापरलात तर टर्बो पेट्रोल भरपूर पितं.

मेहुण्याला मी त्याचा आठवडा विचारला. रोज कोथरूड ते डेक्कन, आणि महिन्यातून एकदा सातारा. मी डिझेल नको म्हणालो. नव्या डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. ती साफ व्हायला सलग वेगात गाडी चालावी लागते. पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तोच जर रोज सातारा-पुणे करत असता, तर मी डोळे मिटून डिझेल सांगितलं असतं.

टेस्ट ड्राइव्हला एकटं जाऊ नकोस, असंही सांगितलं. चार जण बसव, एसी लाव, चढाचा रस्ता निवड. तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० वर आणून पाय दाब, आणि सेल्समन गिअर बदला म्हणेपर्यंत बदलू नकोस.