अभंगाची कॅप्शन: इन्स्टाग्राम आणि एक्स

तुकाराम महाराजांच्या ‘जे का रंजले गांजले’ या अभंगाचे पहिले चार चरण अर्थ आणि प्रश्नासह द्यायचे असतील, तर इन्स्टाग्रामची २२०० अक्षरांची मर्यादा पुरून उरते. मात्र फीडमध्ये सुरुवातीचा थोडाच मजकूर दिसत असल्याने ‘खरा साधू कसा ओळखावा?’ ही लक्षवेधी ओळ चरणांच्याही आधी हवी. एक्सच्या मोफत खात्यावर २८० अक्षरेच मिळतात आणि काना, मात्रा, हलन्त स्वतंत्र मोजले जात असल्याने एकटा ‘ज्ञा’ चार जागा घेतो. चरणांना सुमारे ८५, पहिल्या ओळीला ४० आणि शेवटच्या प्रश्नाला ५० दिल्यावर अर्थासाठी जेमतेम शंभर उरतात, म्हणजे एकच वाक्य. अधिक विवेचन हवे असल्यास ते खालच्या उत्तरात जोडावे. चरण मात्र कधीही कापू नयेत.