चित्र काढणारं एआय टूल: मालवणात बसून वापरल्यानंतरचा अनुभव

मी मालवणात राहून चित्रं काढते. होमस्टेचे फलक, मेन्यूकार्डं, आंबापेटीची लेबलं, अधूनमधून मुलांच्या पुस्तकांतली चित्रं. गेल्या गणपतीपासून महिन्याची वर्गणी भरून चित्र काढणारं एक एआय टूल वापरतेय. नाव सांगत नाही, कारण खाली लिहिलेल्या गोष्टी या जातीच्या बहुतेक टूल्सना लागू पडतात.

आधी कामाचं काय झालं ते. दिवाळीच्या शुभेच्छा, फेसबुकसाठी पोस्टर अशी किरकोळ कामं जवळपास बंद झाली; ती लोक आता मोबाइलवर स्वतःच करतात. पण त्याच लोकांकडून वेगळं काम यायला लागलं, आणि ते मला जास्त आवडतं.

तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्या काकांनी जेवणघरात लावायला माशांचा तक्ता टूलकडून स्वतःच करून घेतला होता. दिसायला झकास. त्यांच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशींनी तो बघितला आणि मलाच विचारलं, "ह्यो बांगडो खंयचो गो? आमच्या समुद्रातलो नाय ह्यो." मावशी बरोबर होत्या. पाठीवर गडद नागमोडी पट्टे होते, ते अटलांटिकमधल्या मॅकरेलचे. आपल्या बांगड्याच्या पाठीवर ठिपक्यांच्या आडव्या ओळी असतात आणि छातीच्या पराजवळ एक काळा डाग. पापलेटला पोटाखाली परांची जोडी दिली होती; ती पापलेटला नसतेच. रावसाच्या जागी चक्क थंड पाण्यातला सॅमन. त्याच्या शेपटीआधी पाठीवर मांसल छोटा पर होता, जो रावसाला नसतो. आणि रावसाच्या छातीखालचे चार मोकळे धागे गायब.

कारण सरळ आहे. ज्या माशाचे फोटो इंटरनेटवर ढिगाने आहेत, त्याच्याकडे टूल झुकतं. वर्णन लांबवून फारसा फरक पडत नाही. "पोटाखाली पर नको" असं लिहिलं तर पुष्कळदा ते पर चित्रात येतातच, कारण 'नको'पेक्षा 'पर' त्याला जास्त कळतं.

म्हणून तो तक्ता मी उलट्या बाजूने केला. बंदरावर ताजा मासा घ्यायचा, थर्माकोलवर तोंड डावीकडे करून ठेवायचा, टाचण्यांनी पर पसरायचे आणि लगेच फोटो काढायचा. रंग लवकर उडतो. फोटोवरून रेषाचित्र हाताने. मग ते टूलला देऊन फक्त रंगछटांचे पर्याय मागायचे. रेषेला किती घट्ट धरायचं याचा आकडा टूलमध्ये असतो, तो जवळजवळ पूर्ण ठेवायचा. ढिला सोडला की बांगड्याच्या शेपटीआधीचे सुटे छोटे पर, वर पाच आणि खाली पाच, कधी सात होतात, कधी तीन. प्रत्येक चित्रात ते मोजते. रंगांची दिशा ठरायला पूर्वी एक-दोन दिवस जायचे, आता एका दुपारी होतं. या एका गोष्टीसाठी वर्गणी वसूल.

छपाईत मात्र टूल उघडं पडतं. ए३ तक्ता ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायचा तर सुमारे ३५०० × ४९६० पिक्सेल लागतात. माझं टूल देतं १०२४ × १०२४. मोठं करणारा पर्याय आहे, पण तो हरवलेला तपशील शोधत नाही, नवा रचतो. सुरमईच्या अंगावर त्याने जाड खवलं आणली होती. शिवाय स्क्रीनवरचा तो निळा-हिरवा समुद्र छपाईच्या सीएमवायके रंगांमध्ये मळका उतरतो, म्हणून प्रेसकडून एक प्रूफ काढून घेतेच. देवनागरी अक्षरं टूलवर सोडू नका. जोडाक्षरं आणि मात्रा मोडतात. नावं मी इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकते.

दर लावण्याची पद्धतही बदलली. आधी नगावर पैसे घ्यायचे. आता माशाची ओळख पटवून रेषाचित्र करणं, रंगकाम आणि छपाईची फाइल यांचे आकडे वेगळे लिहिते आणि टूल कुठे वापरलं तेही कागदावर देते. काकांनी सुरुवातीला घासाघीस केली, "मशीनच करतं ना?" मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवून मावशींनाच बोलावलं. पैसे पूर्ण मिळाले.

लोगो आणि आंबापेटीची चिन्हं मात्र पूर्ण हाताने. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती करवून घेणारी व्यक्ती, असं म्हटलंय. पण अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३मध्ये एका कॉमिकमधल्या, एआय टूलने काढलेल्या चित्रांना नोंदणी नाकारली. ज्याची पेटी परदेशात जाते, त्याच्या चिन्हावर ही टांगती तलवार मला नको.

घ्यावं का? दर आठवड्याला रंगांचे चार पर्याय दाखवायला लागत असतील तर घ्या. वर्षाची वर्गणी मात्र भरू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, पर्यटकही कमी, होमस्टेवाले फलक करत नाहीत. मी मेअखेर वर्गणी थांबवणार आहे आणि ते दोन महिने रेषाचित्रांचा साठा करायला वापरणार आहे. खेकडे आणि तिसऱ्या अजून काढायच्यात.