बर्फ कारखाना लांबला: दोन मेल, पाठवायचा कोणता?

रत्नागिरीजवळच्या एका बंदरावर मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना उभा राहतोय. पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणून कारखाना १ ऑगस्टला सुरू करायचं ठरलेलं. जुलैच्या सुरुवातीला प्रकल्पप्रमुखाच्या लक्षात आलं की सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याआधी काही जमत नाही. त्याने सभासद नौकामालकांसाठी मेल लिहिला आणि पाठवण्याआधी मला दाखवला. आम्ही तो पुन्हा लिहिला. तुमच्यावरही अशी वेळ आली असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून बघा.

पहिल्या मेलचा विषय होता ‘प्रकल्प प्रगतीबाबत’. मजकूर असा: ‘काही तांत्रिक व अपरिहार्य कारणांमुळे कामास किंचित विलंब होत आहे. आमची टीम युद्धपातळीवर प्रयत्नशील आहे. काळजी नसावी.’

दुसऱ्याचा विषय: ‘कारखाना १ ऑगस्टला सुरू होणार नाही. नवी तारीख १८ ते २५ सप्टेंबर.’ ज्याने मेल उघडलाच नाही, त्यालाही मुद्दा कळला. सात-आठ आठवड्यांना ‘किंचित’ म्हटलं की वाचणारा पुढचं प्रत्येक वाक्य संशयाने वाचतो.

कारणाच्या जागी खरी ओढाताण झाली. ट्रान्सफॉर्मर उशिरा येतोय हे खरं, पण अर्धं. पुरवठादारावर ढकलून मोकळं होता आलं असतं. दुसऱ्या मेलमध्ये हे आलं: ‘वीजजोडणीच्या पहिल्या अर्जात आम्ही बर्फ फोडायच्या क्रशरचा भार धरला नव्हता. ती चूक माझी. अर्ज नव्याने करावा लागला आणि त्यात पाच आठवडे गेले. उरलेला उशीर पावसात ट्रान्सफॉर्मरचा चौथरा न झाल्यामुळे.’ चुकीला दोन वाक्यं पुरतात. आधीच्या एका खर्ड्यात त्याने माफीनाम्याचे तीन परिच्छेद लिहिले होते, ते मी काढायला लावले. नाखवाला बर्फ हवाय, तुमचा पश्चात्ताप नको.

धीर देण्यातला फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. ‘काळजी नसावी’ म्हणताच माणूस काळजीला लागतो. त्याऐवजी जे झालंय ते दाखवलं: कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर बसले आहेत, मिठाच्या पाण्याची टाकी तयार आहे, कंत्राट ठरलेल्या रकमेचं असल्याने सभासदांवर जादा वर्गणी येणार नाही. मग उरलेली वाट: ट्रान्सफॉर्मर येणार, विद्युत निरीक्षकांची तपासणी होणार, पाइपलाइनची गळती-चाचणी करून मगच अमोनिया भरणार, टाकी थंड व्हायला काही दिवस जाणार आणि मग पहिली लादी. गळती-चाचणी घाईत उरकणार नाही, हेही स्पष्ट लिहिलं. अमोनिया विषारी आणि बंदराजवळ वस्ती, त्यामुळे त्यावर कुणी नाराज होणार नाही.

पण एवढ्याने बोटी सुटत नाहीत. म्हणून नुकसानही आकड्यात: ‘ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रोज साधारण २० टन बर्फ लागेल. शेजारच्या कारखान्याकडून रोजचे ८ टन ठरवले आहेत. दरातला फरक प्रकल्पाच्या राखीव निधीतून जाईल. बाकीचा बर्फ तुम्हाला स्वतः बघावा लागेल. हे ८ टन बोटीमागे सारखे वाटायचे की चिठ्ठ्या टाकायच्या, ते १० जुलैपर्यंत कळवा.’ ‘स्वतः बघावा लागेल’ लिहिताना त्याचा हात अडखळला. पण याच वाक्यामुळे नौकामालकाच्या हातात तीन आठवडे उरतात. पहिला मेल मिळाला असता तर त्याला हे ३१ जुलैच्या संध्याकाळी धक्क्यावर कळलं असतं.

मग पहिल्यासारखा मेल कधीच चालत नाही का? चार दिवसांचा उशीर असेल आणि कुणाचं काही अडत नसेल, तर खुशाल पाठवा. पुरवठादाराशी भांडण कोर्टात जायची चिन्हं असतील, तर कारणाचं वाक्य वकिलाला दाखवून आखूड करा. तारीख आणि परिणाम मात्र तेव्हाही गाळू नका.

कर्ज देणाऱ्या बँकेला मेल वेगळा गेला. तिला टनांशी देणंघेणं नाही, पहिला हप्ता कधीपासून झेपेल एवढंच हवं. मजकूर बदलला, तारीख तीच ठेवली. गावात दोन तारखा फिरल्या की चहाच्या टपरीवर त्यांची गाठ पडतेच. सोसायटीच्या चेअरमनना मेलच्या आधी फोन केला, कारण सभासद पहिल्यांदा त्यांच्याच दारात जाणार.

शेवटच्या वाचनात एक शब्द खटकला: ‘तपासणी १२ सप्टेंबरपर्यंत नक्की होईल.’ निरीक्षक काही आमच्या हातात नाहीत. ‘नक्की’ खोडून त्याने लिहिलं, ‘१२ पर्यंत झाली नाही तर त्याच संध्याकाळी कळवतो,’ आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर टाकला.