‘एक अँपिअर सेट आहे’ म्हणून विकलेला ड्रायव्हर, आणि तीन आठवड्यांत जळालेल्या चार मोटरी

गिअर मोटर आणि तिला वीज पुरवणारी सर्किटची पाटी, म्हणजे ड्रायव्हर, एकत्र विकताना दुकानात एक प्रयोग करून दाखवतात. मोटरचा दांडा अडकवायचा, पॉवर सप्लायवरचा आकडा गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि म्हणायचं, “बघा की, मोटर जाम केली तरी एक अँपिअरच्या फार वर जात नाही.” आकडा खरा असतो. त्यातून काढलेला अर्थ मात्र खोटा असतो. या प्रयोगावर विश्वास ठेवून पन्हाळा तालुक्यातल्या एका गूळ पावडर भरणाऱ्या उद्योजकाचे चार हजारांहून जास्त रुपये गेले. चार मोटरी साडेसातशेच्या भावाने, दोन ड्रायव्हर साडेपाचशेच्या भावाने. जळालेली मोटर आणि तो ड्रायव्हर तपासल्यावर काय निघालं ते इथे सविस्तर देत आहोत, कारण पॅकिंगचं छोटं यंत्र घरच्या घरी बसवणारे आता गावोगाव आहेत.

यंत्र साधं आहे. वर पावडरचा डबा, खाली नळीत फिरणारा स्क्रू, आणि स्क्रूला १२ व्होल्टची, मिनिटाला साधारण ६० फेऱ्यांची गिअर मोटर. कोरड्या हवेत हे व्यवस्थित चालतं. पण गूळ पावडर हवेतली ओल ओढून घेते, आणि पावसाळ्यात नळीत तिचा गोळा होऊन स्क्रू जाम होतो. म्हणजे मोटर मधूनमधून अडकणार हे इथे गृहीतच धरायला हवं. विकत घेणाऱ्याने दुकानात नेमकं हेच सांगितलं होतं. म्हणून तर त्याला करंट लिमिटचा ड्रायव्हर जास्त पैसे घेऊन दिला. बिलावर हाताने लिहिलं, “स्टॉल करंट १ अँपिअर”, आणि ड्रायव्हरच्या पाटीवर ‘१ ए’ असं स्टिकर लावलं.

पहिली मोटर पाचव्या दिवशी जळाली. दुकानदार म्हणाला, “भार जास्त टाकलात.” दुसरी, तिसरी आणि चौथी गेली तेव्हाही उत्तर तेच.

आधी मोटरचं बघू. अडकलेल्या मोटरमध्ये किती करंट जाईल, म्हणजे तिचा स्टॉल करंट, हे फक्त दोन गोष्टी ठरवतात: तिला मिळणारा व्होल्ट आणि तिच्या वाइंडिंगचा रोध. फिरत असताना मोटर स्वतः उलट दिशेचा व्होल्ट तयार करते आणि करंट आवरून धरते. थांबली की तो आवर जातो, आणि उरतो तो निव्वळ तांब्याच्या तारेचा रोध.

हा रोध मोजायला मल्टिमीटरची ओहमची बाजू फारशी कामाची नाही. इतक्या कमी रोधाला मीटरच्या वायरींचाच रोध मिसळतो, आणि कार्बन ब्रश कॉम्युटेटरवर कुठे टेकलाय त्यावर आकडा बदलतो. त्यापेक्षा पॉवर सप्लायची करंटची मर्यादा अर्ध्या अँपिअरवर लावा, मोटर ड्रायव्हरशिवाय सरळ जोडा आणि दांडा फिरू देऊ नका. दांडा पकडीने धरू नका. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडून कपलिंग करून घेऊन त्याला १५ सेंटिमीटरची पट्टी लावा आणि पट्टी टेबलाच्या कडेला टेकू द्या. मग मोटरच्या टोकांवरचा व्होल्ट वाचा. दांडा थोडा थोडा पुढे सरकवून पाच-सहा ठिकाणी वाचा आणि सरासरी घ्या. या मोटरवर १.२५ व्होल्ट आले. १.२५ भागिले ०.५, म्हणजे रोध २.५ ओहम. आता १२ भागिले २.५ केलं तर खरा स्टॉल करंट येतो ४.८ अँपिअर. बिलावर लिहिलेल्या आकड्याच्या जवळपास पाचपट.

पूर्ण १२ व्होल्टवर अडकलेली ही मोटर ५७ वॅटच्या वर उष्णता तयार करते, आणि दांडा फिरत नसल्याने ती सगळी वाइंडिंगमध्येच राहते. एवढ्या मोटरच्या वाइंडिंगमध्ये तांबं १५ ग्रॅमच्या आसपास धरलं, तर सुरुवातीला दर सेकंदाला आठ-दहा अंशांनी तापमान चढतं. पंधरा सेकंद पुरतात. शिवाय थांबलेल्या मोटरमध्ये सगळा करंट कॉम्युटेटरच्या त्याच एक-दोन पट्ट्यांतून जात राहतो, त्यामुळे ब्रशखालची जागा आधी काळी पडते आणि ब्रश धरणारं प्लास्टिक मऊ होऊन ब्रश तिरका होतो. जळालेली मोटर उघडल्यावर वार्निशचा वास, एकाच जागी काळा डाग आणि वाकलेला ब्रश हे तिन्ही दिसले, तर ती फिरताना भाराने गेलेली नाही, अडकून गेलेली आहे.

पण ड्रायव्हर होता ना मध्ये? तिथेच खरी फसवणूक आहे.

ड्रायव्हरवरची चिप डीआरव्ही ८८७१ होती. चिप चांगली आहे आणि करंट लिमिट तिच्यात खरोखर आहे. ही मर्यादा एका रेझिस्टरने ठरते. रेझिस्टर किलोओहममध्ये घेतला की अँपिअर असे निघतात:

```
I = 64 / R
```

‘१ ए’ लिहिलेलं स्टिकर नेमकं त्या रेझिस्टरवर चिकटवलेलं होतं. ते काढल्यावर खाली ३०३ हा आकडा दिसला. ३०३ म्हणजे ३० आणि पुढे तीन शून्यं, ३० किलोओहम. ६४ भागिले ३० म्हणजे २.१ अँपिअर. पाटी बाजारात येते तशीच होती, त्यात कुणी काही सेट केलं नव्हतं. दुसऱ्या ड्रायव्हरवरही तसंच स्टिकर आणि खाली तोच ३०३.

मग दुकानातल्या सप्लायवर एक अँपिअरच्या आसपास आकडा कसा दिसला? ड्रायव्हर करंट रोखतो तो तोडून तोडून. करंट मर्यादेला पोचला की चिप काही मायक्रोसेकंद सप्लाय तोडते, आणि तेवढ्या वेळात मोटरचा करंट मोटर आणि चिप यांच्यातच गोल फिरत राहतो. मोटरमधून २.१ अँपिअर सतत वाहतो, पण सप्लायकडून तो थोडा थोडा वेळच घेतला जातो. हिशेब वॅटचा करायचा. २.१ चा वर्ग ४.४१, त्याला मोटरचे २.५ आणि चिपचा सुमारे ०.५६ ओहम मिळून ३.०६ ने गुणलं की साडेतेरा वॅट. भागिले १२ व्होल्ट, म्हणजे १.१ अँपिअर. सप्लायच्या मीटरवर दिसतो तो हा १.१. मोटरच्या वायरीत मात्र त्याच क्षणी २.१ असतो.

म्हणून मीटर मोटरच्या वायरीत लावा. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या वेगळ्या भोकात घाला, डीसी करंट निवडा, आणि ड्रायव्हर व मोटर यांच्यामधली एक वायर तोडून त्यात मीटर जोडा. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर वायरही तोडावी लागत नाही. फक्त एसी मोजणारा क्लॅम्प इथे चालत नाही. आणखी एक गोष्ट: जाम करून मोजताना पाच सेकंदांच्या वर धरू नका. या उद्योजकाने दुकानात मीटर मोटरच्या वायरीत लावायला सांगितलं होतं. “त्याची गरज नाही, सप्लायवर दिसतंय की,” असं म्हणून तो विषय टाळला गेला.

एक आणि दोन अँपिअरमध्ये दुपटीचाच फरक दिसतो, पण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. २.१ अँपिअरला वाइंडिंगमध्ये ११ वॅट, ०.९४ अँपिअरला २.२ वॅट. पाचपट. त्यात एक वाईट गोष्ट अशी की लिमिट लागलेला असताना ड्रायव्हर करंट कायम ठेवतो. तांबं तापलं की रोध वाढतो, करंट तोच राहतो, म्हणून उष्णता आणखी वाढते. वाइंडिंग १३० अंशांवर पोचेपर्यंत ११ वॅटचे साडेपंधरा झालेले असतात. ही मोटर स्क्रू अडकल्यावर सेकंदात जळत नव्हती. कामगार पिशव्या लावून येईपर्यंत, काही मिनिटांत, शिजत होती. म्हणून तर कुणाच्या लगेच लक्षात आलं नाही.

“चिपला ओव्हरहीट प्रोटेक्शन आहे” हेही दुकानात सांगितलं होतं. ते आहे, पण चिपपुरतं. चिप स्वतः फार तापली तर बंद होते. मोटर किती तापली हे तिला कळायचा मार्गच नाही.

आता मर्यादा किती ठेवायची? कोरडी पावडर भरताना मोटरच्या वायरीत ०.६ अँपिअर येत होता, आणि पावडर थोडी दमट असताना ०.८ पर्यंत जात होता. मर्यादा याच्या वर हवी, नाहीतर स्क्रू साध्या भारालाही थांबेल. ६८ किलोओहमचा रेझिस्टर लावला की ६४ भागिले ६८, म्हणजे ०.९४ अँपिअर. जुना ३०३ काढून त्या जागी ६८३ लावायचा. जुन्याला समांतर दुसरा रेझिस्टर जोडू नका. त्याने एकूण रोध कमी होतो आणि मर्यादा उलट वाढते.

बदल केल्यावर मोटर २० मिनिटं मुद्दाम अडकवून ठेवली. खोली २८ अंशांवर होती आणि मोटरचं बाहेरचं कवच ५८ वर जाऊन थांबलं. आतल्या वाइंडिंगचं तापमान रोधावरून निघतं, कारण तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. २.५ चा २.९५ ओहम झाला होता, म्हणजे १८ टक्के वाढ आणि ४६ अंशांची चढण. आतलं तापमान ७४ च्या आसपास. एवढं वाइंडिंगची वार्निश आरामात सोसते. कवच गार लागतंय म्हणून आतही गार असेल असं समजू नये, हे या दोन आकड्यांतल्या फरकावरून दिसेल.

असा माल घेताना बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: मोटरच्या वाइंडिंगचा रोध, १२ व्होल्टवरचा स्टॉल करंट, आणि ड्रायव्हरवरच्या लिमिट रेझिस्टरची किंमत. ‘स्टॉल १ अँपिअर’ एवढंच लिहिलेलं बिल भांडायला अपुरं पडतं, कारण तो आकडा कुठल्या वायरीतला हे त्यात नसतं. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मात्र धंद्यासाठी घेतलेल्या मालावर ग्राहक कायदा सहसा लागू होत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवायच्या यंत्राला सवलत आहे, तेव्हा अर्जात ते स्पष्ट लिहावं लागतं. स्टिकर काढण्याआधी आणि काढल्यावर पाटीचे फोटो घ्या, आणि जळालेली मोटर टाकून देऊ नका.

लिमिट बरोबर लावला तरी ओली पावडर सुटत नाही. मोटर जळत नाही एवढंच. नळी साफ करायला माणूस लागतोच, आणि तो येईपर्यंत मोटर अडकलेल्या अवस्थेत घोंघावत राहते. दांड्यावर एक छोटं चुंबक आणि शेजारी चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसवून, दोन सेकंद एकही ठोका आला नाही तर ड्रायव्हरची दोन्ही इनपुट शून्यावर आणली की मोटर थांबते आणि कामगाराला दिवा दिसतो. या यंत्रावर आता तशी जोडणी आहे. चुंबक मात्र गिअरच्या आतल्या वेगवान टोकावर नको, बाहेरच्या दांड्यावरच हवं, कारण गिअरचा दात तुटला तर आतली मोटर फिरतच राहते आणि स्क्रू उभा राहिलेला सेन्सरला कळत नाही. बाहेरचा दांडा मिनिटाला ६० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. त्यामुळे वेळ एका सेकंदाच्या आसपास ठेवला तर चालू यंत्रही मधूनमधून उगाच बंद पडेल.