शंभर रात्री थंडीतच संपल्या: मेमरी फोमच्या गादीचा अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी १२ नोव्हेंबरला आमच्या पुण्याच्या घरी ७५ बाय ६० इंचांची, सहा इंच जाडीची गादी खोक्यात गुंडाळून आली. वर दोन इंच मेमरी फोम आणि खाली चार इंच एचआर, म्हणजे दाब काढताच चटकन उसळणारा फोम, अशी तिची सर्वसाधारण रचना आहे. शंभर रात्रींची चाचणी, दहा वर्षांची वॉरंटी आणि अठरा हजार चारशे रुपये किंमत. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मी पुढे मांडलेल्या अडचणी बहुतेक सगळ्याच कंपन्यांच्या अटींमध्ये थोड्याफार फरकाने सापडतात.

याआधीची आमची काथ्याची गादी चौदा वर्षे टिकली होती. सासूबाईंचे मत असे, की कापसाची गादी असती तर पिंजाऱ्याला बोलावून पुन्हा नवी करून घेता आली असती. हे मत त्यांनी खोके उघडत असतानाच सांगितले आणि अकरा महिन्यांत ते मागे घेण्याचे कारण त्यांना मिळालेले नाही.

पहिले तीन महिने मी ही गादी भेटेल त्याला सुचवत होते. वास दोन दिवसांत गेला, कडा व्यवस्थित फुगल्या, आणि माझ्या कंबरेला सकाळी जो ताठरपणा असायचा, तो डिसेंबरच्या अखेरीस जवळजवळ नाहीसा झाला. मी कुशीवर झोपते, त्यामुळे खांदा आणि नितंब थोडे आत गेले पाहिजेत, पण कंबर लोंबकळता कामा नये, एवढीच माझी अपेक्षा होती. उताणे झोपून कंबरेखाली हात सरकवून पाहावा. हात सहज आरपार गेला तर गादी फार कडक, आणि घुसवायला झटापट करावी लागली तर फार मऊ. जानेवारीत माझा हात किंचित अडखळत जात होता, म्हणजे गादी जशी हवी तशी होती. पाठदुखीला कडकच गादी हवी, हा आपल्याकडचा समज मीही बाळगून होते. परंतु २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील चाचणीत, जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना कडक गादीवाल्यांपेक्षा अधिक आराम पडला होता. हे वाचूनच मी मध्यम कडक प्रकार निवडला होता. चाचणीचा काळ २० फेब्रुवारीला संपला, तेव्हा गादी परत करण्याचा विचारही मनात आला नव्हता.

मार्चच्या शेवटी गादी बदलली. अधिक अचूक सांगायचे तर गादी तीच होती, खोली बदलली होती. मेमरी फोम तापमानानुसार मऊ-कडक होतो; शरीराच्या उबेने तो नरम पडून अंगाचा आकार घेतो, हाच त्याचा गुण आहे. जानेवारीत पहाटे पुण्याच्या हवेत पंजा दाबला की ठसा हळूहळू भरून येत असे आणि मुळात तो खोल उमटवायलाच जोर लागत असे. एप्रिलमध्ये, दिवसभर तापलेल्या भिंतींच्या खोलीत, रात्री अकरा वाजताही त्याच जागी पंजा अलगद आत जाऊ लागला. कंबरेखाली हात घालण्याची तीच चाचणी केली, तर हात घुसवावा लागला. म्हणजे मी शंभर रात्री जिची परीक्षा घेतली, ती हिवाळ्यातली गादी होती, आणि वर्षाचे बरेच महिने मला जिच्यावर झोपायचे होते, तिची परीक्षा मी घेतलीच नव्हती. नोव्हेंबरमधल्या सवलतीत गादी घेणाऱ्या प्रत्येकाची चाचणी अशी थंडीतच संपते. मी पुन्हा घेतली तर मार्चच्या मध्यावर घेईन, भले हजार-दोन हजार रुपये जास्त पडोत.

उष्णतेत माझ्या काटकसरीचाही वाटा होता, हे कबूल केले पाहिजे. वॉरंटीच्या अटींमध्ये एक वाक्य असे आहे, की गादीवर कोणताही डाग आढळल्यास दावा स्वीकारला जाणार नाही. पती पलंगावर बसून चहा पितात. त्यामुळे मी लगेच बाराशे रुपयांचे पाणी न शिरणारे आच्छादन आणले. ते हवाही फारशी जाऊ देत नाही, फोम आणि अंग यांच्यामध्ये उष्णता कोंडते, आणि ती कोंडली की फोम आणखी मऊ होतो. डागाची अट पाळायची तर उकाडा सोसायचा, आणि उकाडा टाळायचा तर वॉरंटीवर पाणी सोडायचे. मे महिन्यात आम्ही आच्छादन काढून सुती जाड चादर घातली आणि चहावर बंदी आणली. बंदी नऊ दिवस टिकली, डाग सुदैवाने पडला नाही.

ऑगस्टमध्ये पतींच्या बाजूला खड्डा दिसू लागला. मी पांघरूण काढून गादीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरला आणि मधोमध मुलाची शाळेतली पट्टी उभी लावली. बावीस मिलिमीटर. अटींमध्ये मर्यादा पंचवीस मिलिमीटर, म्हणजे साधारण एक इंच, अशी होती. आणखी तीन मिलिमीटर खचली की नवी गादी मिळेल, या आशेने मी दर रविवारी मोजमाप सुरू केले. ते किती हास्यास्पद होते, हे मला आता कळते.

कंपनीला लिहिल्यावर त्यांनी सहा छायाचित्रे मागितली, त्यांतील एक गादी बाजूला काढून पलंगाचे. तिथे माझा राग पहिल्यांदा गळून पडला. आमचा पलंग खाली सामान ठेवण्याचा आहे, वर बारा मिलिमीटरचे प्लाय आणि मधे एकही आडवी पट्टी नाही. तोच दोरा नुसत्या प्लायवर ताणला, तर प्लायच आठ मिलिमीटर खाली वाकलेले निघाले. गादी फरशीवर ठेवून एक रात्र तशीच राहू दिली आणि सकाळी पुन्हा मोजले, तेव्हा खड्डा चौदा मिलिमीटर होता. बावीसमधले आठ गादीचे नव्हतेच. इतके दिवस मी गादीला बोल लावत होते आणि एक तृतीयांशाहून अधिक दोष सुताराने वाचवलेल्या लाकडाचा होता. ज्यांची गादी खचलेली वाटते, त्यांनी तक्रार करण्याआधी ती फरशीवर ठेवून मोजावी. सपाट आधार नसेल तर दावा त्याच मुद्द्यावर फेटाळला जातो.

उरलेल्या चौदा मिलिमीटरांवर उत्तर दोन ओळींत आले: मर्यादेच्या आत आहे, हा वापरामुळे होणारा नैसर्गिक बदल आहे. अटीनुसार ते बरोबरच आहे. पण मोजमाप मोकळ्या गादीवर घ्यायचे असते, वर कोणी नसताना, आणि माणूस मात्र वजनासकट झोपतो. फोम जुना होताना त्याची उंची थोडी घटते, कडकपणा त्याहून बराच जास्त घटतो. वरून जवळपास सपाट दिसणारी गादी कंबरेखाली पोकळ झालेली असू शकते, आणि ती पोकळी मोकळ्या गादीवरच्या पट्टीला दिसत नाही.

म्हणून मी घरगुती प्रयोग केला. गादी फरशीवरच होती. पायथ्याच्या कोपऱ्याजवळ, जिथे कोणी झोपत नाही, तिथे पोळपाट उपडा ठेवला आणि त्यावर गव्हाची वीस किलोची पिशवी ठेवली. मेमरी फोम सावकाश बसतो म्हणून पाच मिनिटे थांबून पोळपाट किती आत गेला ते मोजले: सत्तेचाळीस मिलिमीटर. मग तीच पिशवी, तोच पोळपाट पतींच्या कंबरेच्या जागी ठेवला. मोजमाप दोन्हीकडे त्या-त्या जागेच्या मोकळ्या पृष्ठभागापासून घेतले, म्हणजे खड्डा दोनदा धरला जाणार नाही. तिथे अठ्ठावन्न आले. माझ्या कंबरेच्या जागी एकावन्न. पतींचे वजन चौऱ्याऐंशी किलो आणि माझे अठ्ठावन्न, त्यामुळे आकडे पटण्यासारखे आहेत. मी हे सगळे छायाचित्रांसह पाठवले. पलीकडच्या मुलीने अत्यंत नम्रपणे कळवले, की पोळपाटाची पद्धत अटींमध्ये नमूद नाही.

फोमच्या घनतेविषयी मी त्याच वेळी विचारले. घनता म्हणजे एका घनमीटरला किती किलो, तिचा कडकपणाशी थेट संबंध नाही, पण फोम किती वर्षे तग धरेल याचा अंदाज तिच्यावरून येतो. खालच्या थराची घनता चाळीस आहे, असे उत्तर आले. वरच्या मेमरी फोमची घनता तीनदा विचारूनही मिळाली नाही. खरेदीपूर्वी मी जाडी, प्रकार, वॉरंटी सगळे विचारले होते आणि एवढे एकच विचारले नव्हते.

परतीबद्दल थोडक्यात: शंभर रात्रींच्या आत गादी त्यांच्या खर्चाने नेतात, मात्र पहिल्या तीस रात्री तक्रार घेत नाहीत, आणि सोबत फुकट आलेल्या उशांची किंमत परताव्यातून कापतात. त्या उशा माझ्या मानेला इतक्या उंच होत्या, की त्या दिवाणावर लोडासारख्या पडून आहेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, असे पतींनी सुचवले. मी नोंदवली नाही. अटी खरेदीच्या वेळी उघड लिहिलेल्या होत्या आणि मी त्या मे महिन्यात वाचल्या.

सप्टेंबरमध्ये सुताराकडून प्लायखाली दोन आडव्या पट्ट्या मारून घेतल्या, सहाशे रुपये लागले. दर तीन महिन्यांनी गादीची उशाकडची बाजू पायथ्याला करावी, असे सूचनापत्रकात आहे, तेही तेव्हा पहिल्यांदा केले. परंतु माणसाची कंबर गादीच्या जवळजवळ मधोमधच येते, त्यामुळे अशी फिरवल्याने कंबरेचा खड्डा वर-खाली सरकत नाही. तो फक्त डावीकडून उजवीकडे जातो. पती आता माझ्या बाजूच्या, जवळपास सपाट जागेवर घोरतात, आणि त्यांनी दहा महिन्यांत केलेला खड्डा डिसेंबरपर्यंत माझ्या वाट्याला आला आहे. कंबरेखाली घडी घातलेला पातळ टॉवेल ठेवला की भागते.