उन्हाळी टूरची जाहिरात: व्हिडिओवर की सर्चवर?

बडोद्यात रावपुऱ्यात माझं टूरचं छोटं ऑफिस आहे. गिऱ्हाईक बहुतेक कुटुंबं, आणि सोबत आजी असतेच. मे महिन्यातल्या केरळचा विषय ही मंडळी दिवाळीच्या सुट्टीत काढतात आणि ॲडव्हान्स फेब्रुवारीत देतात. मधले तीन महिने नुसती चर्चा.

गुगलच्या सर्च आणि व्हिडिओ, दोन्ही जाहिरातींवर पैसे घालून पाहिलेत. `kerala tour package from vadodara` असं शोधणाऱ्याला जायचंच असतं, त्यामुळे सर्चचा क्लिक महाग पडला तरी फोन बऱ्याचदा त्याच दिवशी येतो. `job`, `train` असले शब्द तेवढे वगळत राहावे लागतात. व्हिडिओचा फोन लगेच येत नाही. पहिल्या महिन्यात तर पैसे पाण्यात गेल्यासारखंच वाटतं.

मला खरा वैताग आला तो सर्चच्या फोनांचा. "चार कोटेशनं आलीत, तुमचं शेवटचं सांगा." आता अलेप्पीच्या हाउसबोटीत एसी दिवसभर चालतो की फक्त रात्री नऊ ते सहा, यावर भाव बदलतो. पण स्वस्त कोटेशनात ते लिहिलेलं नसतं आणि फोनवर ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो. दोन मिनिटांच्या व्हिडिओत मी एसीची वेळ सांगितली, खोली दाखवली, धक्क्यावरून बोटीत पाय कसा टाकायचा तेही दाखवलं. तो पाहून आलेल्या एका बाईंनी भाव शेवटी विचारला. पहिला प्रश्न होता, "सासूबाईंना चढता येईल ना हो?"

त्यांनी व्हिडिओ नोव्हेंबरात पाहिला होता. फेब्रुवारीत आमचं नाव गुगलवर टाकलं, जाहिरातीवर क्लिक केलं आणि फोन लावला. रिपोर्टात श्रेय गेलं सर्चला. क्लिक न करता नुसता व्हिडिओ पाहिला असेल, तर आपण सेटिंग बदललं नाही तोवर हिशेब 3 दिवसच धरला जातो, आणि वाढवला तरी 30 दिवसांपलीकडे जात नाही. दिवाळी ते फेब्रुवारी त्यात कसं बसायचं?

त्या रिपोर्टावर विसंबून मी एक वर्ष व्हिडिओ बंद ठेवला. सर्चचे फोन येत राहिले, पण शोधशब्दांच्या यादीत आमचं नाव दिसेनासं झालं आणि घासाघीस वाढली. दुसरीही कारणं असतील, नाही म्हणत नाही. तेव्हापासून वहीत एक रकाना आखलाय: "आम्हाला पहिल्यांदा कुठे पाहिलंत?"

मार्चमध्ये सीटा रिकाम्या असतील तर सर्चच करा, व्हिडिओला तेवढा वेळ नसतो. पण हाताशी दिवाळी असेल तर मी आधी व्हिडिओ लावतो. तो पाहिलेल्यांची यादी खात्यात 540 दिवसांपर्यंत ठेवता येते. जानेवारीत सर्च सुरू करताना त्याच लोकांसाठी बोली थोडी चढी ठेवतो. हे लोक फोनवर जरा जास्त वेळ बोलतात, असा आपला माझा अनुभव.