प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला पीएसएचा आकडा 18.4 वरून 6.1 वर आला आणि मी त्या भामट्याचे आभार मानले!

लिहायला लाज वाटतेय, पण लिहितो. वय 52, शिकलेला माणूस, आणि फोनवरच्या एका गोड आवाजाला अडीच महिन्यांचा पगार देऊन बसलो. 6 डबे पावडर, एकेक डबा 15 दिवसांचा, "प्रोस्टेटची गाठ विरघळवणारा कोर्स".

सुरुवात माझ्याच शहाणपणाने झाली. लघवीला जळजळ सुरू झाली. बायकोला मागे असंच झालं होतं तेव्हाच्या नायट्रोफ्युरँटॉइनच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या 3 दिवस घेतल्या. तिला लागू पडलं तर मला का नाही, एवढाच विचार. ते औषध लघवीत चांगलं उतरतं पण प्रोस्टेटच्या आत जवळजवळ पोचतच नाही, आणि पुरुषाला इन्फेक्शन झालं की जंतू तिथे दबा धरून बसलेले असू शकतात, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

चौथ्या दिवशी 102 ताप, हुडहुडी, खाली बसायच्या जागी ठणका. फॅमिली डॉक्टरांनी आधी लघवी कल्चरला पाठवली, मग दुसरी अँटिबायोटिक 14 दिवसांची दिली. कल्चरमध्ये ई. कोलाय आला. ते म्हणाले, "पुरुषाला लघवीचं इन्फेक्शन सहसा उगाच होत नाही, बाईपेक्षा मूत्रनलिका बरीच लांब असते, जंतू सहज वर चढत नाही. कुठेतरी लघवी अडतेय का ते बघायला हवं, कोर्स संपला की या." आठव्या दिवशी ताप नाही, ठणका नाही, गोळ्या बंद केल्या आणि गेलोच नाही. चूक माझी, मान्य.

पण ताप चढलेला असतानाच मी स्वतःहून लॅबच्या पॅकेजमध्ये पीएसए करून घेतला होता. आला 18.4. आकडा बघून हातपाय गळाले. रात्री नेटवर शोधत बसलो, एका जाहिरातीत नंबर टाकला आणि सकाळी त्याचा फोन. पुढचं सांगायला नकोच, घाबरवायचं, मग "ऑपरेशनशिवाय" म्हणायचं.

आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. त्याने रिपोर्ट मागवला, 18.4 वाचला आणि एकदाही विचारलं नाही की रक्त दिलं तेव्हा ताप होता का. मी होऊन सांगितलं, कल्चरचा रिपोर्ट पण पाठवू का? म्हणाला, "त्याची गरज नाही." तिथेच फोन आपटायला हवा होता! इन्फेक्शनने प्रोस्टेट सुजली की पीएसए उसळतोच, आणि इन्फेक्शन गेल्यावरही खाली यायला काही आठवडे लागतात. म्हणून 6 ते 8 आठवडे थांबून परत करतात. त्याचा सगळा धंदा ह्याच थांबण्यावर. सहाव्या आठवड्यात म्हणाला टेस्ट करा, आला 6.1, आणि मी मूर्खासारखा त्याला धन्यवादाचा मेसेज केला. आपोआप उतरणाऱ्या आकड्याचे पैसे त्याने घेतले.

चौथा डबा चालू असताना परत ताप, परत ई. कोलाय, औषधांना दाद द्यायचा पॅटर्नही तोच. म्हणजे जंतू बहुधा आतच होता. यावेळी युरोलॉजिस्ट. त्यांनी बोटाने हलकेच तपासलं, प्रोस्टेट दुखरी. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत 180 मिली तशीच शिल्लक. अँटिबायोटिक 4 आठवडे दिली. इन्फेक्शन निवल्यावर युरोफ्लो केला, सर्वात जास्त वेग सेकंदाला 7 मिली आणि आलेख वर जाऊन लांबपर्यंत सपाट. ते बघून त्यांनी विचारलं, "कधी लघवीची नळी घातली होती का?" घातली होती, 9 वर्षांपूर्वी एका ऑपरेशनच्या वेळी, मी विसरूनही गेलो होतो. मूत्रमार्गात औषध सोडून एक्स-रे काढला तर एक छोटा आवळलेला भाग, स्ट्रिक्चर. धार बारीक झालीये ती वयामुळे, असं मीच मला समजावत होतो. बारीक धार आणि ताप एकत्र असतील तर पावडर नाही, शिल्लक लघवी मोजून घ्या. दुर्बिणीतून तो भाग कापून मोकळा केला. पीएसए आता 1.9.

आणि तक्रारीचं ऐका. पोलिस म्हणाले पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, डबेही मिळालेत, मग फसवणूक कुठे? औषधवाल्या खात्यात गेलो तर हे औषधच नाही, पूरक आहार आहे, दुसरीकडे जा. डॉक्टरांच्या नोंदणीवाल्यांनी तर कहर केला, तो नोंदणीकृत डॉक्टर नाही म्हणून त्याच्यावर तक्रार घेता येत नाही. अहो, तो डॉक्टर नाही हीच तर माझी तक्रार आहे! 4 चकरा, 3 अर्ज, प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, "नक्की काय त्रास होता?" आणि मागे रांगेत माणसं कान टवकारून उभी.

स्ट्रिक्चर परत आवळू शकतं, म्हणून 3 महिन्यांनी पुन्हा युरोफ्लो आहे. उरलेले 2 डबे सीलबंद ठेवलेत, पावडर तपासून देणारं कोणी अजून सापडलेलं नाही.